मदत हवी आहे : फुटक्या बाटल्यांची तक्रार पुरवठादाराकडे कशी मांडावी?

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळच्या आमच्या कोकम सरबताच्या कारखान्यात ४ मे रोजी आलेल्या काचेच्या बाटल्यांच्या ४० खोक्यांपैकी ६ खोकी दबलेली दिसली, म्हणून ड्रायव्हरसमोरच बिल्टीवर तसा शेरा मारून त्याची सही घेतली. आतील बाटल्यांच्या तोंडाला, नेमके झाकण बसते तिथेच, टवके उडाले आहेत. त्यात सरबत भरल्यास गिऱ्हाइकाच्या पोटात काच जाण्याचा धोका आहे. बॅच नंबरसह फोटो काढून ती खोकी वेगळी ठेवली आहेत. सात दिवसांत बदली माल, न जमल्यास पुढील पंधरा दिवसांत पैसे परत, अशी मागणी आजच ईमेलने करणार आहे. उरलेली ३४ खोकी वापरायला काढल्यास संपूर्ण माल स्वीकारला असे पुरवठादार म्हणू शकेल का, आणि ते टाळण्यासाठी पत्रात कोणते वाक्य घालावे?