WPA3 आलं म्हणून वायफायचा पासवर्ड साधा ठेवला तर चालेल का?

उंबरठा
नवीन राउटर बसवलाय, त्यात WPA3 आहे. घरच्यांचं म्हणणं की आता लॉकच इतकं भारी आहे तर पासवर्ड 8 आकडीच ठेव, सगळ्यांना टाकायला सोपा. मला ते पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं? आणि मोठाच ठेवायचा तर तो निवडायचा कसा?

सरळवाट
घरचे बरोबर बोलतायत. WPA3 मध्ये प्रत्येक अंदाज राउटरलाच जाऊन विचारावा लागतो, घरी नेऊन कोटी पासवर्ड ताडून बघायची सोयच काढून टाकलीये. 8 आकडे म्हणजे 10 कोटी शक्यता, एवढे प्रयत्न कोण राउटरसमोर उभं राहून करणार आहे? उगाच 20 अक्षरी पासवर्ड ठेवायचा, मग तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायचा, त्यापेक्षा साधा बरा. माझं स्पष्ट मत आहे, तंत्रज्ञान पुढे गेलंय तर त्याचा फायदा घ्यावा.

चिंचेचंझाड
मी तर म्हणतो पासवर्ड कसाही ठेवा काही फरक पडत नाही, WPA2 सुद्धा 2017 मध्येच क्रॅक झालंय, तेव्हा केवढी बातमी होती. ज्याला घुसायचंय तो घुसतोच.

जुनीतार
चिंचेचंझाड, तुम्ही म्हणताय तो KRACK, मॅथी वानहूफ यांनी दाखवलेला. खरा होता आणि गंभीर पण होता, पण त्यात पासवर्ड कुणाच्या हाती लागत नव्हता. जोडणीच्या वेळची एक पायरी परत परत करायला लावून आधी वापरलेली किल्ली पुन्हा वापरायला लावायची, असा तो प्रकार होता आणि सॉफ्टवेअर अपडेटने तो बंद करता आला. त्यामुळे "WPA2 क्रॅक झालं म्हणून पासवर्ड कसाही" हे चुकीच्या ठिकाणी जातंय, WPA2 मध्ये तर पासवर्डच सगळं आहे.

हे समजायला थोडं मागे जाऊ कारण दर पिढीत पासवर्डवरचं ओझं बदललंय. 1997 साली WEP आलं, वायफायचं पहिलं कुलूप. त्यात प्रत्येक पॅकेटच्या किल्लीत एक 24 बिटचा आकडा मिसळायचा, म्हणजे जेमतेम 1 कोटी 67 लाख वेगवेगळे आकडे, वर्दळ असलेल्या नेटवर्कवर ते लवकरच परत यायला लागतात. शिवाय मजकूर गुप्त करायला RC4 नावाची पद्धत ज्या प्रकारे वापरली होती त्यातून किल्लीच हळूहळू बाहेर पाझरायची, हे 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवलं, आणि 2007 मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या तिघांनी 104 बिटची किल्ली मिनिटाभरात काढून दाखवली. तिथे तुम्ही 13 अक्षरं कितीही अवघड ठेवा, उपयोग शून्य, कारण कुणी अंदाज लावतच नव्हतं, नुसती हवेतली पॅकेटं गोळा केली की झालं.

मग 2003 ला WPA आलं, जुन्याच चिपवर चालावं म्हणून केलेली डागडुजी होती ती, आणि 2004 मध्ये WPA2, त्यात AES नावाचं एन्क्रिप्शन. AES आजपर्यंत कुणी फोडलेलं नाही. आता भिंत फुटत नाही म्हटल्यावर हल्ला करणाऱ्याकडे एकच वाट उरली, पासवर्ड ओळखणे. तुमचा फोन राउटरला जोडताना दोघांमध्ये 4 निरोप होतात, त्याला हँडशेक म्हणतात, ते हवेतून पकडता येतात. पकडले की माणूस तिथून निघून जातो आणि आपल्या घरी बसून एकेक पासवर्ड ताडून बघतो, राउटरला पत्ताही लागत नाही आणि तो काही रोखूही शकत नाही. WEP मध्ये पासवर्ड निरुपयोगी होता, WPA2 मध्ये सगळा भार त्याच्यावर आला.

सरळवाट
पण तेच तर मी म्हणतोय, हे WPA2 चं झालं. त्याच्याकडे WPA3 आहे.

उंबरठा
हो म्हणजे मी लॅपटॉपवर बघितलं, कुणीतरी सांगितलेली कमांड टाकली:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Authentication समोर WPA3-Personal येतंय.

जुनीतार
ते लॅपटॉप कसा जोडलाय ते सांगतंय, राउटर आणखी काय काय स्वीकारतो ते नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीसमोर काय लिहिलंय ते बघा, नुसतं WPA3 आहे की WPA2/WPA3 असं काहीतरी मिश्र आहे?

उंबरठा
WPA2/WPA3-Personal. आधीपासूनच तसं निवडलेलं होतं, मी हात लावलेला नाही.

जुनीतार
मग घरच्यांचा मुद्दा इथेच पडतो. सरळवाट जे म्हणाले ते नुसत्या WPA3 पुरतं खरं आहे, 2018 मध्ये आलेल्या WPA3 च्या SAE या जोडणीच्या पद्धतीत हँडशेक पकडून घरी नेला तरी त्यावर अंदाज ताडून बघता येत नाहीत. पण मिश्र मोडमध्ये दोन्ही दरवाज्यांना एकच पासवर्ड असतो. घरातलं एखादं जुनं उपकरण WPA2 ने जोडलं की त्याचा हँडशेक 2004 च्याच पद्धतीचा, तो पकडून पासवर्ड काढला की तोच पासवर्ड WPA3 ला पण चालतो.

रातकिडा
माझ्याकडे उलटं झालं होतं. नुसतं WPA3 ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर गायब. 2 दिवस मी प्रिंटरच बिघडलाय समजून बसले, केबल बदलली, रीसेट केला, शेवटी कळलं की त्याला WPA3 येतच नाही. परत मिश्र केलं तेव्हा सुरू झाला. आता प्रिंटर टाकून द्यायचा का?

सरळवाट
बघा, हेच होतं. प्रत्येक घरात असं एक तरी उपकरण असतं.

जुनीतार
टाकू नका हो ताई. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल आणि त्याची सिक्युरिटी वेगळी ठेवता येत असेल तर ते WPA2 वर ठेवून जुनी उपकरणं त्यावर टाकायची, पासवर्ड मुख्य नेटवर्कपेक्षा वेगळा, मुख्य नुसतं WPA3. अडचण एवढीच की गेस्टवरचं उपकरण मुख्य नेटवर्कवरच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणजे प्रिंट काढायला गेस्टवर उडी मारावी लागते. काहींना हे झेपत नाही, मला कळतं ते.

रातकिडा
रोज रोज नाही जमणार ते, मुलांचे प्रोजेक्ट रात्री 11 ला निघतात. मिश्रच ठेवते मग.

जुनीतार
मग पासवर्ड तरी असा ठेवा की हँडशेक पकडला तरी काही हाती लागू नये. आता 8 आकड्यांचा हिशोब करू. WPA2 पासवर्डला नेटवर्कच्या नावासोबत 4096 वेळा घुसळून किल्ली बनवतं, अंदाज लावणं हळू व्हावं म्हणून. 2004 ला ते पुरेसं वाटलं असेल पण आजचं एक तगडं गेमिंग ग्राफिक्स कार्ड तरीही सेकंदाला ढोबळमानाने 25 लाख पासवर्ड ताडून बघतं. 10 कोटी भागिले 25 लाख, म्हणजे 40 सेकंद. जन्मतारीख असेल तर 100 वर्षांचे दिवस मिळून 36 हजार 500 च्या आसपास, म्हणजे सेकंद पण लागत नाही. मोबाइल नंबर ठेवला, 10 आकडी, तर सगळेच्या सगळे 67 मिनिटांत संपतात. मी स्वतः माझ्याच राउटरवर हे करून बघितलंय, नंबर होता जुन्या फोनचा, चहा होईपर्यंत स्क्रीनवर हजर.

चिंचेचंझाड
आकडे सोडा, नाव @ आणि 123 असं ठेवायचं, कॅपिटल पण येतं, स्पेशल कॅरेक्टर पण येतं. वेबसाइटवाले तेच मागतात ना.

जुनीतार
तेच मागतात म्हणून सगळे तेच करतात, आणि ताडून बघणारं सॉफ्टवेअर पण आधी तेच बघतं. a चा @, o चा 0, शेवटी साल किंवा 123, हे सगळे नियम त्यात तयार असतात. नावाला नटवलं तरी शक्यता वाढतात काही हजार पटीने, तेवढं कार्डाला काहीच नाही. मोजायचं ते पासवर्ड दिसतो कसा ते नाही, तो किती शक्यतांमधून उचललाय ते, आणि उचलणारं आपलं मन नको.

पानगळ
आम्ही मराठी ओव्या, म्हणी इंग्रजी अक्षरांत टाकतो. त्या कुणाच्या यादीत असणारेत? लक्षात पण राहतात.

जुनीतार
कल्पना अर्धी चांगली आहे. मराठी शब्द वापरायचेच, इंग्रजी अक्षरांतच टाकावे लागतात कारण या पासवर्डमध्ये कीबोर्डवरची साधी अक्षरं, आकडे आणि चिन्हंच चालतात, 8 ते 63. पण प्रसिद्ध ओळ नको. फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांमध्ये आपल्याकडचे रोमन शब्द पण असतात, आणि "माझी भाषा त्यांना येत नाही" हा आधार कधी निसटेल सांगता येत नाही. त्यापेक्षा फासे घ्या. 7,776 शब्दांची यादी असते, 5 वेळा फासा टाकला की एक शब्द, असे 5 शब्द. शक्यता इतक्या होतात की तेच कार्ड साडेतीन लाख वर्षं चालवावं लागेल. 4 शब्द घेतले तर 46 वर्षं, आणि 100 कार्डं लावली तर अर्ध्या वर्षाच्या आत, म्हणून मी 5 म्हणतो. हल्ला करणाऱ्याला तुमची यादी माहीत आहे असं धरूनच हा हिशोब आहे, लपवायचं काहीच नाही त्यात.

पानगळ
आणि स्पेलिंगचं काय? vangi की waangi, पाहुणा 3 वेळा चुकतो आणि मग मलाच विचारतो.

जुनीतार
खरंय, मराठी यादी करायची तर असे शब्द गाळावे लागतात. नाहीतर शब्द सोडून द्या, पासवर्ड मॅनेजरकडून नुसती लहान लिपीतली 14 अक्षरं काढून घ्या. टीव्हीच्या रिमोटने टाकताना कॅपिटल आणि चिन्हं शोधत बसावं लागत नाही, आणि एका कार्डाला 8 लाख वर्षं. तेच 8 अक्षरी, कॅपिटल, लहान, आकडे सगळं मिसळून काढलं तर पावणेतीन वर्षं आणि 100 कार्डांना 10 दिवस. लांबी स्वस्तात मिळते.

सरळवाट
14 अक्षरं पाहुण्याला वाचून दाखवणार? माझ्या मते हे वापरणाऱ्याचा विचार न करता चाललंय.

रातकिडा
वाचून कशाला दाखवायची, राउटरच्या ॲपमधून क्यूआर कोड काढा, मी तोच दाखवते. आणि एक, मी WPS पण बंद केलंय, पासवर्डऐवजी पिन टाकून जोडायची ती सोय. मागे वाचलं होतं की तो 8 आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो म्हणून 11 हजार प्रयत्नांतच संपतो, मग आपला पासवर्ड कितीही मोठा असो.

जुनीतार
अगदी बरोबर, 2011 मध्ये उघड झालं ते. आधी ते बंद करा, मग फासे टाका.

वाटाड्या
मी तर 6 महिन्यांपूर्वीच admin चा पासवर्ड बदललाय, तो 16 अक्षरी आहे, म्हणजे माझं झालं ना?

जुनीतार
तो राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, वायफायचा वेगळा. बदललात ते उत्तमच, पण हवेतून जो पकडला जातो तो वायफायचा, तो काय आहे?

वाटाड्या
स्टिकरवरचाच आहे, 8 अक्षरी, 0 ते 9 आणि a ते f असं काहीतरी. रँडम दिसतो.

जुनीतार
रँडम असला तरी 16 चिन्हांतून 8, म्हणजे 430 कोटी, कार्डाला 29 मिनिटं. आणि काही राउटरांमध्ये तो उपकरणाच्या नंबरवरूनच बनवलेला सापडलाय, तिथे तेवढीही लागत नाहीत. बदला.

उंबरठा
फासे टाकले, 5 शब्द आले, घरच्यांना ते 40 सेकंदांचं गणित कागदावर करून दाखवलं तेव्हा गप्प बसले. WPS बंद केलं. मिश्र मोड मात्र काढता येत नाहीये, जुना टॅबलेट नुसत्या WPA3 ला जोडतच नाही आणि या राउटरमध्ये गेस्टला वेगळी सिक्युरिटी देता येत नाही.

सरळवाट
म्हणजे टॅबलेटपायी सगळं घर 2004 मध्ये. मी असतो तर टॅबलेट काढला असता आणि पासवर्ड छोटा ठेवला असता.

जुनीतार
मी टॅबलेट ठेवला असता, 5 शब्दांवर तो चालतोय तोवर चालू दे. फक्त तो पासवर्ड बाहेर कुणाला सांगितला गेला तर लगेच बदला, कारण WPA2 वर कुणी आधीच हँडशेकसकट रहदारी साठवून ठेवली असेल तर पासवर्ड कळल्यावर त्याला ती मागची पण उघडता येते, WPA3 ने जोडलेल्या लॅपटॉपची नाही उघडता येत.