एकांकिकेतला ताण, सुटका आणि धक्का : पार्श्वसंगीत कसं निवडावं?

विंगेतला_उंदीर
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत माझ्या गळ्यात पडलंय. एका प्रसंगावर अडलोय.

चाळीतली खोली. दोघे भाऊ आईच्या ट्रंकेतून तिच्या पाटल्या काढायला बसलेत, विकायच्या म्हणून. धाकटा म्हणतो, "कडी लाव." ट्रंक उघडते, साड्या बाहेर निघतात, आणि दारावर थाप पडते. आई आली असं वाटतं, पण असते शेजारीण, विरजण मागायला. ती जाते. मग डबी उघडतात तर आत पाटल्या नाहीत, गहाणाची पावती आहे. तारीख थोरल्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची.

मी तीन तुकडे लावले होते. ट्रंकेला सस्पेन्सची धून, शेजारणीला बासरी, पावतीला एक दणका. परवा ज्युनिअर मुलांसमोर केलं, तर दणक्याला पोरं हसली. शिवाय सस्पेन्सची धून १ मिनिट ४० सेकंदांनी टिपेला जाते आणि थाप त्यानंतर अर्ध्या मिनिटाने आली. मधल्या वेळात नुसतं विचित्र वाटत होतं. कोणत्या मूडचं संगीत घेऊ?

सुरपेटी
मूडचं काम रागांनी सोपं होतं. ताणाला मारवा, सुटकेला भूप, धक्क्याला भैरवी. बासरीऐवजी सतार घ्या, बासरीने सगळं गोकुळ होऊन जातं.

नाट्यवेडी_सांगली
मला संगीत नाटकांचा नाद आहे म्हणून धागा उघडला. तुमच्या एकांकिकेत पदं किती आहेत? ऑर्गनवाला हवा असेल तर आमच्याकडे एक काका आहेत.

विंगेतला_उंदीर
पदं नाहीत हो ताई, गद्यच आहे. पण काकांकडे पेटी असेल तर पुढेमागे विचारतो.

तिसरी_घंटा
वीसेक वर्षं नाटकांना म्युझिक ऑपरेट करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी अर्ध्या मिनिटाचा घोळ. तयार सस्पेन्सच्या धुनीला स्वतःचा चढ असतो आणि तिचा कळस ठरलेल्या सेकंदाला येतो. सिनेमात चालतं, कारण तिथे चित्र कापून बसवता येतं. रंगमंचावर नट एखादी साडी जास्त वेळ हातात धरतो आणि तुमचं गणित कोसळतं. म्हणून ताणाखाली चढत न जाणारा, एकाच जागी रेंगाळणारा आवाज घ्या. फाईल चार-पाच मिनिटांची करा आणि चढउतार ऑपरेटरच्या बोटावर ठेवा.

आता कोणता आवाज. सुरपेटी मारव्याचं बोलले ते निम्मं खरं आहे. मारवा अस्वस्थ करतो, कारण त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा षड्जावर टेकायचं टाळत राहतो. ऐकणाऱ्याला घरी जायचं असतं आणि दार उघडत नाही. पण अख्खा राग लावलात तर प्रेक्षक गाणं ऐकायला लागतो. तुम्हाला त्यातली फक्त युक्ती हवी.

पेटीवर षड्ज आणि त्याला लागून असलेला कोमल रिषभ एकत्र दाबून धरा. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि आवाज थरथरतो. हा तुमचा ताण. रिषभाचं बोट उचला, उरला नुसता षड्ज. ही सुटका. दोन्ही उचला की राहते शांतता. तिन्ही गोष्टी एकाच पेटीतून येतात, त्यामुळे तीन दुकानांतून माल आणल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या प्रसंगात मी असं बसवीन. संगीत ट्रंकेवर सुरू करू नका, "कडी लाव" वर करा. गुन्हा तिथे सुरू होतो. वीसेक सेकंदांत इतकं हळू वर आणा की कधी सुरू झालं ते कळू नये. थाप पडली की त्याच क्षणी तोडा, फेड नको. थाप हाच आवाज आहे, तिच्याखाली काही वाजत राहिलं तर ती बोथट होते. शेजारणीच्या पूर्ण बोलण्यात काहीही नाही. तिथे हशा येणार आहे आणि विनोदाला संगीत लावलं की आपण प्रेक्षकाला कोपराने ढोसल्यासारखं होतं. ती गेली, धाकटा हसला, तिथे नुसता षड्ज, तीन-चार सेकंद. बस.

पावतीचं म्हणाल तर तुमचा दणका पावती दिसल्यावर आहे ना? पोरं हसणारच. अजून त्यांना काही कळलेलं नाही आणि तुम्ही घाबरवताय. थोरला रक्कम वाचतो, तारीख वाचतो, थांबतो. तोवर पूर्ण शांतता. तारीख कोणत्या महिन्याची आहे हे त्याच्या चेहऱ्यावर आलं की मग तेच दोन सूर, खालच्या सप्तकात, अगदी बारीक. आता तो घासणारा आवाज चोरीचा राहिलेला नाही. संगीत बातमीवर ठेवायचं नाही, ती पोचल्यावर ठेवायचं.

रंगपट_७७
तिसरी घंटांशी बाकी सगळं मान्य, पण दणका अगदीच वाईट असं नाही. आमच्याकडे गावच्या स्पर्धेत मंडपात मागच्या रांगेत पोरं रडत असतात, शेजारी वडापाव तळत असतो. तिथे तुमची शांतता कुणाला ऐकू जाते? आम्ही दणका ठेवला होता, टाळी घेतली.

तिसरी_घंटा
मंडपाचं खरं आहे, तिथे शांतता सांभाळता येत नाही. तरी मी दणका तारखेनंतरच ठेवीन. पण तुमची जागा तुम्हाला ठाऊक.

सुरपेटी
षड्ज-रिषभाचं पटलं. मग सुटकेला शुद्ध गंधार जोडला तर आणखी गोड होईल ना?

तिसरी_घंटा
गोड होईल, म्हणूनच नको. पाटल्या अजून मिळालेल्या नाहीत. सुटका फक्त आई न आल्याची आहे, तेवढीच द्या. पुरा आनंद दिलात तर पावती दुसऱ्याच नाटकातली वाटेल.

प्रकाशयोजना_वाला
ऑपरेटर कोण आहे? लॅपटॉप असेल तर इंटरनेट आणि नोटिफिकेशन बंद करा. आमच्या भर शोकप्रसंगात स्पीकरमधून मेल आल्याची टिंग वाजली होती. आणि हेडफोनवर ठरवलेला आवाज हॉलमध्ये टिकत नाही. खर्जातली गुणगुण बऱ्याच हॉलच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. रंगीत तालमीला शेवटच्या रांगेत बसून ऐका, आणि नटांना हळू आवाजातलीच वाक्यं बोलायला लावा. शब्द गेला तर संगीत कमी करा, नटाला ओरडायला सांगू नका.

विंगेतला_उंदीर
अपडेट. सांगलीच्या ताईंच्या काकांनी पेटीवर दोन्ही सूर वाजवून पाठवले. भाता बदलताना आवाज खाली पडत होता आणि मागे पंख्याची घरघरही येत होती, म्हणून पंखा बंद करून पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं आणि Audacity मध्ये पडलेल्या जागा कापून जोडल्या. खालचं सप्तक हॉलच्या स्पीकरवर खरंच ऐकू येईना, म्हणून शेवटी मधल्याच सप्तकात पण बारीक ठेवलं. काल तालमीत तारखेवर कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाला मात्र शेजारणीच्या वेळची शांतता रिकामी वाटतेय, तो नळाचा आवाज मागतोय.

नवीन भानगड अशी की धाकट्याचं काम करणारा पोरगा आता षड्ज ऐकू आल्याशिवाय हसतच नाही. ऑपरेटर त्याच्या हसण्याची वाट बघतो आणि तो ऑपरेटरची. काल दोघेही गप्प.

तिसरी_घंटा
नळ एकदा लावून बघा, चाळ आहे, वाईट नाही. फक्त शेजारीण आल्यावर तो सुरू करू नका, प्रसंगाच्या आधीपासून असू द्या.

पोऱ्यासाठी दोन तालमी संगीताशिवाय घ्या. आणि ऑपरेटरचा क्यू हसण्यावरून काढून कडीवर ठेवा. शेजारीण गेल्यावर कुणीतरी पुन्हा कडी लावतच असेल ना?

विंगेतला_उंदीर
लावत नाही! संहितेत ते राहूनच गेलंय. आज लेखकाला सांगतो.