मदत हवी आहे: गेटवरच्या चोरीच्या प्रयत्नाचा रिपोर्ट, पण दोन वेळा जुळत नाहीत

सोसायटीच्या वॉचमनने कमिटीला द्यायचा रिपोर्ट तयार करतोय. रात्री दोघे जण एक मोटरसायकल इंजिन बंद ठेवून ढकलत गेटपर्यंत आले. वॉचमनने पार्किंगचा स्टिकर दिसेना म्हणून फ्लॅट नंबर विचारला, तर गाडी तिथेच टाकून पळाले. हँडल लॉक तुटलेलं आहे, गाडी मालकाने ओळखली.

अडचण वेळेची. गेट रजिस्टरमध्ये २:४० आहे, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर २:५१. मोबाइलशी ताडून पाहिलं तर डीव्हीआरचं घड्याळ ११ मिनिटं पुढे आहे. रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही आणि डीव्हीआरची वेळ आत्ता दुरुस्त करायची नाही, एवढं नक्की. नाहीतर पुरावाच संशयास्पद ठरतो. रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा आणि फरक कसा तपासला ते लिहावं, की फरकाची नोंद सेक्रेटरीने वेगळ्या पत्रात करावी?

वॉचमनच्या मसुद्यात ‘चोरांनी लॉक तोडलं’ असं आहे. तोडताना त्याने पाहिलेलं नाही, म्हणून ‘लॉक तुटलेलं आढळलं’ असं करतोय. कपडे, उंची, पळाल्याची दिशा मात्र त्याच्याच शब्दांत ठेवलीय.

दुसरं म्हणजे, जुनं फुटेज आपोआप पुसलं जायच्या आत पेनड्राइव्हवर मूळ फाइल घेतलीय. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग केलेलं चालणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायचा कोड, लागते आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. तिथे कॅमेरे बसवणाऱ्या टेक्निशियनची सही पोलीस स्वीकारतात का? कुणी भरून दिलं असेल तर सांगा.