मदत हवी आहे: नफा ९ लाख, तरी बँकेत पैसे कमी, हॉटेलमालकाला पत्रात कसं समजवू?

मी अकाउंटंट आहे, नाशिकमधल्या एका हॉटेलचे हिशोब बघतो. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. ते म्हणतायत नफा ९ लाख दाखवतोस मग बँक आणि गल्ला मिळून ८ चे २ लाख कसे झाले, पैसे गेले कुठे? त्यांना कॅश फ्लोबद्दल साधं पत्र लिहितोय, मसुदा बघा:

"अण्णा, नफ्यात ३ लाख घसारा वजा झालाय, तो खर्च कागदावरचा, यंदा खिशातून गेला नाही, म्हणून परत मिळवला, झाले १२. कंपन्यांच्या जेवणाच्या डब्यांची बिलं नफ्यात धरली पण त्यातले ३ लाख अजून आलेले नाहीत. भाजी-मटणवाल्यांची जुनी देणी तुम्ही २ लाखांनी कमी केलीत. म्हणजे धंद्यातून हातात आले ७. त्यातून ६ लाख नवीन कोल्ड रूमला, ४ लाख कर्जाच्या मुद्दलाला, आणि ३ लाख तुमची घरची उचल. हे १३ लाख नफ्याच्या कागदावर दिसतच नाहीत."

उचलीचं लिहिलं तर त्यांना राग येईल का, हीच भीती आहे.

खमंग_फोडणी: घसारा मिळवला की कॅश वाढते ना? मग घसारा जास्त दाखव की, प्रश्नच मिटला 😀

जमाखर्च_काका: अहो नाही. घसारा १ लाखाने वाढवलात तर नफा १ लाखाने कमी होतो, मिळवताना तेवढाच परत येतो, हातात काहीच वाढत नाही, फार तर इन्कम टॅक्स थोडा वाचेल.
धागाकर्त्याला: मसुदा चांगलाय, फक्त ते शेवटचे २ लाखसुद्धा सगळे अण्णांचे नाहीत हे लिहा. टेबलावरची विक्री महिन्याला १२ लाख धरली तर ५ टक्क्यांनी ६० हजार जीएसटी त्यात पडून असणार आणि तो २० तारखेला भरायचाय. मागच्या मार्चलाही तेवढाच बाकी असेल तर स्टेटमेंटमध्ये फरक शून्य येतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

डबेवाली_ताई: माझंही सेम, झोमॅटोवाले कमिशन कापून पैसे टाकतात, जीएसटी पण मीच भरायचा का??

जमाखर्च_काका: ताई, त्या ऑर्डरींवरचा १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवालेच भरतात. पण तो वेगळा विषय, इथे नको.

खमंग_फोडणी: मग डब्यांची उधारी बंदच करा म्हणावं

धागाकर्ता: बंद केली तर त्या कंपन्या दुसरीकडे जातील, दुपारचा धंदा त्यांच्यावरच आहे. ४५ ऐवजी १५ दिवस मागून बघू असं लिहितो. उचलीचं काय ते सांगा ना कोणीतरी.

जमाखर्च_काका: रक्कम लिहा, मत लिहू नका. मुद्दलाच्या शेजारीच ठेवा. प्रोप्रायटर असतील तर उचल हा खर्च धरलाच जात नाही, त्यामुळे ती नफ्याच्या कागदावर कुठे दिसणारही नाही.

धागाकर्ता: प्रोप्रायटरच आहेत. जीएसटीची ओळ घालून सोमवारी देतो, काय म्हणतात ते इथे टाकेन.