मदत हवी आहे: ऑपरेशन सारखंच, क्लेम मात्र निम्मा

आईचं आणि शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच डॉक्टरांनी केलं. खोलीही सारखीच. काकूंचा क्लेम जवळजवळ पूर्ण पास झाला, आईचा निम्माच. कारण आईच्या पॉलिसीत खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या १% ची मर्यादा आहे आणि खोली त्याच्या दुप्पट भाड्याची होती. भाड्यातला फरक कापला असता तर समजलं असतं. पण त्याच प्रमाणात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, सगळ्यांचीच रक्कम अर्धी केलीय. सेटलमेंट लेटरमध्ये इम्प्लांट आणि औषधांपुढेही ५०% कपात! खोली बदलली म्हणून इम्प्लांटची किंमत थोडीच बदलते? हे दोन खर्च कपातीतून वगळायला हवेत ना? तक्रारीसोबत हॉस्पिटलकडून कोणता कागद घ्यावा?