‘टर्म बाय टर्म’ विकलनाला मराठीत काय म्हणावं?

सांजवात: कलनाच्या टिपणाचं भाषांतर करते आहे. Σxⁿ = 1/(1−x) या घातमालिकेचं विकलन ‘टर्म बाय टर्म’ करायचं आहे. मी ‘पदागणिक विकलन’ लिहिलं, पण तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘पदशः’ केलं. कोणतं बरोबर?

गोदाकाठ: पदशः. ‘दिवसागणिक’ म्हटलं की काहीतरी वाढत किंवा घटत जातंय असं वाटतं. इथे प्रत्येक पदावर एकच क्रिया करायची आहे.

आंबेमोहोर: क्रमशः, पदशः, किती दिवस विसर्ग सांभाळायचे? ‘पदवार’ म्हणा, ‘तारीखवार’सारखं.

गोदाकाठ: ‘पदवार’ने पदांची वर्गवारी केल्यासारखी वाटते.

उंबरठा: शब्द कोणताही घ्या, मला Σn/3ⁿ ची बेरीज हवी आहे. विकलन करून x = 1/3 ठेवलं तर 9/4 येतं, पण उत्तर 3/4 दिलंय.

गोदाकाठ: विकलनानंतर डावीकडे Σnxⁿ⁻¹ उरते आणि उजवीकडे 1/(1−x)². घातांक एकने कमी झालाय, म्हणून दोन्ही बाजूंना x ने गुणायचं राहिलं. Σnxⁿ = x/(1−x)², म्हणजे (1/3)÷(4/9) = 3/4. पडताळा हवा तर पहिली चार पदं मिळवून बघा: 1/3 + 2/9 + 3/27 + 4/81, साधारण 0.716. पुढची पदं झपाट्याने लहान होतात, त्यामुळे 9/4 ला पोचणं शक्यच नाही.

आंबेमोहोर: आणि घातमालिका जिथे अभिसारी, तिथे विकलन केलेलीही अभिसारी. निर्धास्त करा.

गोदाकाठ: त्रिज्या तीच राहते, टोकांची खात्री नाही. Σxⁿ/n ही x = −1 ला अभिसारी आहे, बेरीज −ln 2. तिचं विकलन केलं की Σxⁿ⁻¹, आणि −1 ला ती 1, −1, 1, −1 अशी हेलकावत राहते. घातमालिका नसेल तर आणखी जपावं लागतं: Σ(sin nx)/n ही प्रत्येक x ला अभिसारी आहे, पण पदशः विकलन करून येणारी Σcos nx कुठेच नाही.

सांजवात: उलट दिशेला मी ‘पदशः संकलन’ लिहिलंय. हे चालेल?

आंबेमोहोर: नको. ‘संकलन’ म्हणजे गोळा करणं. वाचणाऱ्याला वाटेल, पदांची बेरीजच करायची आहे. ‘समाकलन’ लिहा.

गोदाकाठ: मग जोडीला ‘अवकलन’ही घ्यावं लागेल. ‘विकलन-संकलन’ ही जोडी मोडू नये असं मला वाटतं. शब्दापेक्षा स्थिरांकाकडे लक्ष द्या. Σxⁿ⁻¹ चं संकलन केलं की Σxⁿ/n = −ln(1−x) + C. x = 0 ठेवलं की C = 0 मिळतो. इथे तो शून्य आला म्हणून दरवेळी येईल असं धरू नका.

उंबरठा: Σn²/3ⁿ असेल तर?

गोदाकाठ: x/(1−x)² चं पुन्हा विकलन करा आणि पुन्हा x ने गुणा: x(1+x)/(1−x)³. 1/3 ला 3/2.

आंबेमोहोर: ‘पदवार’वर मात्र मी ठाम आहे.