विषय: फराळाच्या मेलला Re: लावू का?

मानसी:
नमस्कार मंडळी, यंदा दिवाळीचा फराळ घरून विकायला सुरुवात करतेय. 180 जणांचे मेल पत्ते आहेत, त्यातल्या 40 जणांनी गणपतीत माझ्या स्टॉलवर वहीत स्वतःहून लिहून दिले, बाकीचे मंडळाच्या डिरेक्टरीतले. ओळखीतला एक मार्केटिंगवाला म्हणतो सगळ्यांना "Re: आपलं गणपतीतलं बोलणं" असा सब्जेक्ट टाक, लोक उघडतातच. मला खटकतंय. काय करू?

सुहास:
बिनधास्त पाठव गं. अमेरिकेत पहिल्या मेलला परवानगी लागत नाही, खाली अनसबस्क्राइब दिलं की झालं.

अविनाश:
सुहास, परवानगीचं बरोबर आहे पण पुढचं नाही. 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यात फसवा सब्जेक्ट चालत नाही हे वेगळं लिहिलंय, अनसबस्क्राइब दिल्याने ते माफ होत नाही. Re: वाचलं की माणूस समजतो आपण आधी काहीतरी लिहिलं होतं आणि हे त्याचं उत्तर आलंय, मग तो आठवत बसतो. मानसी, त्या 140 जणांशी तू बोललीच नाहीयेस.

शैलाकाकू:
अविनाश, मला विचारायचंच होतं. छप्पर दुरुस्तीवाल्यांची "Fwd:" मेल आली, खाली ह्यांच्या नावाने "कोटेशन पाठवा" असं लिहिलेलं. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं रे. मला वाटलं ह्यांचं अकाउंट हॅक झालं, दिवसभर सगळे पासवर्ड बदलत बसले.

अविनाश:
काकू, ऐकून फार वाईट वाटलं. त्या एका मेलवरून हॅक झालंय असं धरू नका. घर कोणाच्या नावावर आहे ते काउंटीच्या रेकॉर्डमध्ये बघता येतं, तिथून नाव उचललं असेल, आणि खालची "जुनी मेल" कोणीही हाताने टाइप करू शकतं. आधी काकांच्या मेलमध्ये Sent उघडून त्या कंपनीचं नाव शोधा, पुसलेलं नसेल तर काही लिहिलं असल्यास तिथे सापडेल. "Re:" वाली मेल असेल तर जीमेलमध्ये तीन टिंबांवरून Show original उघडायचं, खऱ्या उत्तरात बहुतेक वेळा In-Reply-To: अशी ओळ असते, नुसतं Re: टाइप केलेल्या नव्या मेलमध्ये ती नसते. पण ती ओळसुद्धा खोटी घालता येते, म्हणून माझा भरवसा Sent वरच जास्त.

राजश्री (टोरांटो):
मानसी, यादीत कॅनडातले कोणी आहेत का? आमच्याकडे 2014 पासून विक्रीच्या मेलला आधी संमती लागते. कोणी चौकशी केली असेल तर सहा महिने, खरेदी केली असेल तर दोन वर्षं ती धरता येते. वहीत नुसता पत्ता लिहिला त्याला चौकशी म्हणायचं का, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

मानसी:
चौघे आहेत, त्यांना फोनच करते. वहीतल्या बाकीच्यांना सब्जेक्ट "दिवाळी फराळ: चकली, अनारसे, ऑर्डर 10 तारखेपर्यंत", आणि पहिलीच ओळ "गणपतीत माझ्या स्टॉलवर तुम्ही वहीत पत्ता लिहिला होता", कारण ते खरंच घडलंय. डिरेक्टरीतल्यांना कमिटीने हो म्हटल्याशिवाय काही पाठवत नाही. फक्त एक, आठवण करायला माझ्याच पहिल्या मेलवर रिप्लाय केला तर Re: आपोआप लागतं, ते चालेल?

अविनाश:
पहिली मेल खरी आहे आणि खाली दिसतेय, त्यामुळे खोटं नाही. तरी मी Re: खोडून "आठवण:" लिहीन, समोरच्याने काहीच उत्तर दिलेलं नसतं ना.

सुहास:
हे मला नाही पटत, एकाच धाग्यात राहिलं तर वाचणाऱ्यालाच सोयीचं. पहिल्या मेलमध्ये Re: नको, हे मात्र मान्य. मानसी, माझा पत्ता वहीत नाहीये, दोन किलो चकली लिहून घे.